ट्रेंटची धर्मपरिषद आणि क्रिस्तपुराणाचा पाठ

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या क्रिस्तपुराणास ‘मराठी बायबल’ म्हणण्याचा प्रघात आपल्याकडे चांगलाच रुळला आहे. वाङ्मयेतिहासांत, व्याख्यानांत, किंबहुना जुन्या पोथ्यांच्या याद्यांतहि हें नांव दिसतें. सामान्य वाचकानें तसें म्हटल्यास फारसें बिघडत नाहीं. परंतु पोथ्या जमविणाऱ्यानें व त्यांचा पाठ ठरविणाऱ्यानें तसें म्हटलें कीं पुढचें सर्व अनुमान वांकडें होतें. ज्यास आपण भाषांतर समजतों त्याचा पाठ मूळ ग्रंथाशीं ताडून दुरुस्त करावा असें आपल्यास वाटूं लागतें, आणि जें मुळांत नाहीं तें प्रक्षिप्त मानण्याचा मोह होतो. क्रिस्तपुराणास ही कसोटी लावणें आमच्या मतें सर्वथा चूक आहे. तें कां, हें समजण्यास गोव्याबाहेर, किंबहुना हिंदुस्थानाबाहेर, उत्तर इटलींतील ट्रेंट या गांवापर्यंत जावें लागतें.

युरोपांत ल्यूथरच्या चळवळीनें ख्रिस्ती धर्मांत फूट पडल्यावर रोमच्या पक्षानें जी मोठी धर्मपरिषद भरविली ती ट्रेंट येथें. ती सलग बसली नाहीं. १५४५ त सुरू झाली, १५४७ त थांबली, १५५१ त पुन्हां भरली, मग दहा वर्षें खंड पडला, आणि अखेर १५६२–६३ त काम आटोपून ४ डिसेंबर १५६३ रोजीं ती संपली. एकंदर २५ बैठकी झाल्या. त्यांतील प्रत्येकींत काय ठरलें हें सांगण्याचें हें स्थळ नव्हे. आमच्या विषयास तीन-चार ठरावच लागतात, आणि त्यांतहि ८ एप्रिल १५४६ च्या चवथ्या बैठकीचे दोन ठराव मुख्य आहेत.

पहिल्या ठरावानें शास्त्र कोणतें हें सांगितलें. बायबलाच्या ग्रंथांची नांवनिशीवार यादी देऊन ती बंद केली; परंतु त्याच वाक्यांत असेंहि सांगितलें कीं, लिखित ग्रंथ आणि प्रेषितांपासून तोंडोतोंडीं चालत आलेली परंपरा या दोहोंस सारख्याच आदरानें स्वीकारावें. प्रॉटेस्टंटांचा आग्रह केवळ लिखितावर. ट्रेंटचा आग्रह लिखित व परंपरा या दोहोंवर. आपल्याकडील वाचकास श्रुति आणि स्मृति यांचा भेद आठवेल, पण तो येथें नेमका लागू पडत नाहीं. श्रुतिस्मृतींत विरोध आल्यास श्रुति बलवत्तर असा आपला दंडक. ट्रेंटच्या ठरावांत या दोहोंत उच्चनीच भाव ठेविलेला नाहीं.

दुसऱ्या ठरावांत तीन गोष्टी आहेत. एक, सार्वजनिक वाचन, वाद, प्रवचन व विवरण यांकरितां जुनी लॅटिन प्रत, म्हणजे व्हल्गाट, हीच प्रमाण. दोन, चर्चच्या व पूर्वाचार्यांच्या एकमताविरुद्ध शास्त्राचा अर्थ कोणीं लावूं नये. तीन, धर्मविषयक पुस्तक ग्रंथकाराच्या नांवावांचून, आणि त्या प्रांताच्या बिशपानें तपासून मान्यता दिल्यावांचून, कोणीं छापूं नये. मान्यता लेखी असावी व ती पुस्तकाच्या आरंभीं दिसावी. ग्रंथकार एखाद्या पंथाचा संन्यासी असल्यास त्याच्या वरिष्ठांचीहि परवानगी असावी. या तिसऱ्या कलमांत एक वाक्य असें आहे कीं पोथ्यांच्या संग्राहकांनीं तें अधोरेखित करून ठेवावें. अशीं पुस्तकें न तपासतां हातानें लिहून जे प्रसृत करितील त्यांसहि छापणाऱ्यांचीच शिक्षा, असें तें वाक्य आहे. म्हणजे ट्रेंटच्या दृष्टीनें हस्तलिखित पोथी ही खासगी वस्तु नव्हती. याचा उपयोग पुढें येईल.

पुढें १५६४ त निषिद्ध ग्रंथांची जी यादी निघाली तिच्या नियमांत देशभाषेंतील बायबल वाचण्यास बिशपाची किंवा इन्क्विझिशनच्या अधिकाऱ्याची लेखी अनुज्ञा आवश्यक ठरली. तेव्हां शास्त्राच्या मूळ अक्षरांभोंवतीं देशभाषेच्या बाजूनें एक मोठी भिंत उभी राहिली.

पण त्याच परिषदेनें त्याच भिंतींत एक दार ठेविलें होतें. १७ सप्टेंबर १५६२ च्या बाविसाव्या बैठकींत मीस, म्हणजे चर्चमधील मुख्य उपासना, देशभाषेंत करणें परिषदेनें मान्य केलें नाहीं. परंतु लोक उपाशी राहूं नयेत म्हणून त्या वेळीं वाचिलेल्यांतील कांहीं भाग, विशेषतः रविवारीं व सणाच्या दिवशीं, पाद्र्यांनीं लोकांस वारंवार समजावून सांगावा असें ठरविलें. ११ नोव्हेंबर १५६३ च्या चोविसाव्या बैठकींत संस्कारांचें सामर्थ्य व उपयोग देशभाषेंत समजावून सांगण्याची आज्ञा झाली, आणि त्याकरितां तयार व्हावयाच्या प्रश्नोत्तरीचें देशभाषांत भाषांतर करण्याची सोयहि सांगितली. शास्त्राची अक्षरें लॅटिनमध्यें. शास्त्राचें विवरण लोकभाषेंत. क्रिस्तपुराण शिरलें तें या दारांतून.

पोर्तुगालचा राजा सेबाश्चांव यानें १५६४ त ट्रेंटचे ठराव आपल्या मुलखांत लागू केले. गोव्यांत पहिली प्रांतिक धर्मपरिषद १५६७ त भरली ती हे ठराव अंमलांत आणण्याकरितांच. तिच्या ठरावांच्या आधारें त्याच वर्षीं सरकारनेंहि कायदे केले, व हिंदूंच्या सार्वजनिक धर्माचारांवर बंधनें आलीं. जुनीं पुराणें नव्या ख्रिस्ती झालेल्यांच्या घरांतून नाहींशीं झालीं. क्रिस्तपुराणाच्या पहिल्याच अवस्वरूंत जो प्रसंग आहे त्याचें बीज येथें आहे: एक ब्राह्मण नवख्रिस्ती पाद्रीस विचारतो कीं आमचीं पूर्वींचीं पुराणें तुम्हीं बंद केलींत, तर त्यांच्या जागीं दुसरें कांहीं कां देत नाहीं? या प्रसंगाचें कवित्व पुष्कळांनीं वाखाणिलें आहे. आम्हांस त्यांतील मागणी अधिक महत्त्वाची वाटते. तो शास्त्र मागत नाहीं, पुराण मागतो. आणि ग्रंथकारास शास्त्र देतां येत नव्हतें, पुराण देतां येत होतें. मागणी व परवानगी एकाच ठिकाणीं येऊन मिळाल्या. ग्रंथाचें रूप त्यांतून ठरलें.

फादर स्टीफन्स हे जातीनें इंग्रज. परिषद संपली तेव्हां ते सुमारें चवदा वर्षांचे असावेत. रोम येथें १५७५ त ते येशूसंघांत शिरले, १५७९ च्या ऑक्टोबरांत गोव्यास उतरले, आणि साष्टींत चाळीस वर्षें काढून १६१९ त वारले. म्हणजे त्यांचें सर्व शिक्षण ट्रेंटनंतरच्या पहिल्या पिढीचें. परिषदेच्या नियमांची त्यांस अडचण वाटली असेल अशी कल्पना करणें आधुनिक मनाचा आरोप होय; तो त्यांचा श्वासोच्छ्वासच होता.

आतां ग्रंथाकडे वळूं. पैलें पुराण ३६ अवस्वरूंचें, दुसरें ५९ अवस्वरूंचें, मिळून सुमारें अकरा हजार ओव्या. पैलें पुराण सृष्टीपासून तारकाच्या वाटेकडे लागलेल्या डोळ्यांपर्यंत. दुसरें त्याच्या अवतारचरित्राचें. हें भाषांतर नव्हे याचा पुरावा शोधण्यास फार खोल जावें लागत नाहीं. बायबलांत निम्म्याहून अधिक भाग कथेचा नाहीं. नियम, स्तोत्रें, उपदेश, पत्रें असा आहे. पुराणानें मुख्य धागा कथेचा धरिला आहे.

एकच स्थळ उदाहरण म्हणून घेऊं. बायबलाच्या पहिल्या ग्रंथांत सृष्टि, मग स्त्रीपुरुष, मग सर्पाचा मोह असा क्रम आहे. देवदूत केव्हां निर्माण झाले, त्यांतील मुख्य लुसिफेर गर्वानें कसा पडला, याची कथा तेथें मुळींच नाहीं. ती पूर्वाचार्यांनीं इतर ग्रंथांतील विखुरलेल्या वाक्यांवरून जुळविली व परंपरेनें स्थिर केली. क्रिस्तपुराणांत मात्र लुसिफेरचें पतन मनुष्याच्या पतनाच्या आधीं यथासांग येतें, आणि पुढें सर्पाच्या मुखानें कोण बोलतो हें श्रोत्यास आधींच ठाऊक असतें. भाषांतराच्या कसोटीनें पाहणारा म्हणेल कीं हा भाग मुळांत नाहीं, तेव्हां हें कविकल्पित किंवा मागाहूनचें. ट्रेंटचा पहिला ठराव ज्यानें वाचिला आहे तो असें म्हणणार नाहीं. ग्रंथकारास परंपरा ही लिखिताइतकीच प्रमाण होती. त्यानें कल्पना लढविली नाहीं, प्रमाणच दुसऱ्या कोठारांतून आणिलें. हा भाग ज्या पोथींत नसेल ती अधिक ‘शुद्ध’ नव्हे. ती तुटकी होय.

याच्या उलट सेरामपूरचें काम पाहावें. तेथील प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांनीं १८०५ त मत्तयाचें शुभवर्तमान मराठींत छापिलें. तें खरें भाषांतर. तेथें प्रत्येक वाक्यास मुळाचा जाब देतां आला पाहिजे. पुढें एकोणिसाव्या शतकांत या भाषांतरांचा पुष्कळ प्रसार झाला, आणि त्यांच्या संवयीनें वाचकांनीं मागें वळून क्रिस्तपुराणाकडे पाहिलें. ‘मराठी बायबल’ हें नांव या संवयीचें अपत्य असावें असा आमचा तर्क आहे.

एक गोष्ट मात्र येथें जातां जातां सांगितली पाहिजे. परिषदेनें व्हल्गाट प्रमाण ठरविली १५४६ त. पण तिची अधिकृत छापील प्रत रोमहून निघाली ती १५९० त, आणि तीहि लगेच बाजूस सारून १५९२ त दुसरी काढावी लागली. मधल्या शेचाळीस वर्षांत प्रमाण प्रत आहे, पण ती नेमकी कोणती हें कोणीं सांगावें, अशी अवस्था होती. फादर स्टीफन्स या अवस्थेंतच युरोप सोडून आले. म्हणून पुराणांतील एखादें विशेषनाम १५९२ च्या प्रतीशीं जुळलें नाहीं म्हणून लेखकाच्या माथीं चूक मारणें योग्य नव्हे.

परिषदेनें १५ जुलै १५६३ च्या तेविसाव्या बैठकींत प्रत्येक बिशपानें धर्मगुरूंची पाठशाळा, म्हणजे सेमिनरी, काढावी असें ठरविलें, त्याचा संबंधहि येथेंच येतो. मुलगा निदान बारा वर्षांचा, औरस, लिहितांवाचतां येणारा असावा. गरिबांच्या मुलांस प्राधान्य द्यावें. व्याकरण, गायन, पंचांगगणित, शास्त्र, पूर्वाचार्यांचीं प्रवचनें आणि संस्कारविधि शिकवावे. खर्चाकरितां धर्मोत्पन्नांवर कर बसवावा, इतक्या तपशिलानें तो ठराव लिहिलेला आहे. गोव्याची गंमत अशी कीं देशी मुलांकरितां सांता फे ही पाठशाळा तेथें १५४१ तच, परिषद भरण्यापूर्वींच, निघाली होती, व पुढें ती येशूसंघाच्या सेंट पॉल कॉलेजांत मिळाली. राशोल येथील कॉलेजची पक्की इमारत १६१० त पुरी झाली. १७५९ त येशूसंघाची हकालपट्टी झाल्यावर तें बिशपाची सेमिनरी बनलें. क्रिस्तपुराण १६१६ त छापलें तें याच राशोलास.

त्याच छापखान्यांतून फादर स्टीफन्स यांचीं आणखी दोन पुस्तकें निघालीं, दोन्ही मरणोत्तर: १६२२ त कोंकणींतील प्रश्नोत्तरी, म्हणजे दौत्रिन, आणि १६४० त कोंकणी भाषेचें व्याकरण. हीं तीन पुस्तकें एकत्र ठेवून पाहिलीं म्हणजे ट्रेंटची योजना साष्टींत कशी उतरली तें स्पष्ट दिसतें. व्याकरण पाद्रीस भाषा शिकविण्याकरितां, दौत्रिन मुलांस पाठ म्हणावयास, आणि पुराण मोठ्या माणसांस चर्चमध्यें बसून ऐकावयास. सात संस्कारांची काटेकोर व्याख्या पुराणांत धुंडाळणारा निराश होईल, कारण तिचें घर दौत्रिन हें आहे. ३ मार्च १५४७ च्या सातव्या बैठकीनें संस्कार सातच, अधिक नाहींत व उणे नाहींत, असें जें ठरविलें तें मुलाच्या तोंडीं प्रश्नोत्तरानें बसवावयाचें होतें. ओवीनें तें काम होत नाहीं.

आतां पाठाचा खरा तंटा. १६१६, १६४९ व १६५४ अशीं पुराणाचीं तीन मुद्रणें झालीं असें मानतात, पण त्यांतील एकहि छापील प्रत आज हातीं नाहीं. जें काय आहे तें हस्तलिखितांवरून. मंगळुरास १९०७ त जोसेफ साल्ढाणा यांनीं रोमन लिपींतील पोथ्यांवरून जी आवृत्ति काढिली तीच पुढील सर्वांची आधारभूत झाली, श्री. बंडेलू यांची १९५६ ची व फादर द्रागो यांची १९९६ ची देवनागरी आवृत्ति या तिच्याच आधारानें सिद्ध झाल्या. याखेरीज लंडनमध्यें मार्सडेन यांच्या संग्रहांतून आलेली एक पोथी आहे. तिच्याकडे अभ्यासकांचें लक्ष वेधिलें जस्टिन ॲबट यांनीं. ती देवनागरींत आहे, आणि रोमन पोथ्यांत जेथें पोर्तुगीज वा लॅटिन पारिभाषिक शब्द येतात तेथें तींत संस्कृत शब्द येतात. मग मूळ कोणतें? संस्कृत शब्दांचें कीं फिरंगी शब्दांचें?

मराठी अभ्यासकांचा ओढा स्वाभाविकपणें देवनागरी पोथीकडे. एवढा मराठीचा रसिक ग्रंथकार आपलें पुराण रोमन अक्षरांत कसें लिहील, असा त्यांचा प्रश्न असतो. या प्रश्नाचें उत्तर ग्रंथकारानेंच १६०८ च्या आपल्या पत्रांत देऊन ठेविलें आहे. या देशाच्या भाषेंत व लिपींत पुस्तकें छापावीं अशी आपली फार दिवसांची इच्छा आहे, पण युरोपांत जेथें चोवीस साच्यांनीं भागतें तेथें या लिपीस सहाशेंच्या घरांत साचे लागतात म्हणून तें जमलें नाहीं, असा त्या पत्राचा आशय आहे. तेव्हां छापील मूळ रोमन अक्षरांत होतें यांत इच्छेचा प्रश्न नव्हता, खिळ्यांचा होता. लिपीवरून मूळपणा ठरत नाहीं, इतकेंच यावरून सिद्ध होतें. देवनागरींत एखादा कच्चा खर्डा असूं शकेल. पण मार्सडेन पोथी ती नव्हे असें मानण्यास आमच्याजवळ दोन कारणें आहेत.

पहिलें कारण दौत्रिन. ती १६२२ ची छापील प्रत सुदैवानें टिकली आहे. १९४५ त मारियानो साल्ढाणा यांनीं लिस्बन येथें तिची प्रतिकृति छापिली. तोच ग्रंथकार, तोच छापखाना, तीच तपासणी, आणि पुराणानंतर अवघीं सहा वर्षें. तींत संस्कारांचीं व चर्चच्या व्यवहाराचीं नांवें पोर्तुगीजांवरून घेतलेलीं आहेत. सांक्रामेंत, इगर्ज, मीस हे शब्द गोव्याच्या ख्रिस्ती बोलण्यांत आजहि त्याच वळणाचे आहेत. येशूसंघास देशी शब्दांचा धडा जपानांत मिळालेला होता. फ्रान्सिस झेवियर यांनीं तेथें देवास एक बौद्ध नांव दिलें, आणि चूक ध्यानीं येतांच १५५१ त तें टाकून लॅटिन शब्द घेतला. परिषदेनें ज्या संस्कारांच्या व्याख्येंत एकेक शब्द तोलून ठेविला, त्या संस्कारांचीं नांवें बदलून लिहिलेला ग्रंथ १६१६ त तपासणींतून सहज सुटला असेल असें आम्हांस वाटत नाहीं. यावर कोणी म्हणेल कीं वैकुंठ, परमेश्वर हे शब्द पुराणांत सर्रास आहेत, ते कसे सुटले? हा आक्षेप योग्य आहे. पण स्वर्ग किंवा देव या सामान्य कल्पना आणि बाप्तिस्मासारखा व्याख्याबद्ध विधि यांत तपासणारा भेद करीलच. दौत्रिन गद्य व कोंकणी, पुराण पद्य व मराठी, हा फरक मात्र आमच्या पुराव्याचें वजन थोडें कमी करितो, तें आम्ही नाकारीत नाहीं.

दुसरें कारण त्या वर सांगितलेल्या वाक्यांत आहे. हस्तलिखितें पसरविणाऱ्यांसहि छापणाऱ्यांचाच नियम. पारिभाषिक शब्द सरसकट बदलणें म्हणजे नवा ग्रंथ, व त्यास नवी तपासणी. फिरंगी अंमलांत राहून एखाद्यानें हें उघड केलें असेल, यापेक्षां तें त्या अमलाबाहेर, किंवा तो ढिला पडल्यावर, ज्यास हा ग्रंथ मराठी वाचकांपुढें ठेवावयाचा होता अशा कोणीं केलें असावें, हें अधिक संभवतें. हा तर्क आहे, निकाल नव्हे. निकाल लागेल तो पोथीच्या चुकांवरून, आणि तेथें कोणाच्याहि ओढ्याचें कांहीं चालत नाहीं.

रोमन पोथ्यांत मूर्धन्य वर्ण दुहेरी अक्षरानें दाखवितात. पुराण शब्दांतील ण हा न चें रोमन अक्षर दोनदां लिहून. नक्कल करणारा एक अक्षर गाळतो तेव्हां ण चा न, ळ चा ल, ट चा त होतो. ऱ्हस्वदीर्घाचा भेद बुजतो. महाप्राणाचा हकार गळतो. याउलट देवनागरी वाचून नक्कल करणारा घ आणि ध, भ आणि म, प आणि ष यांत फसतो, कारण त्यांच्या आकृति जवळच्या. आतां देवनागरी पोथींत अर्थ न लागणारें स्थळ सांपडलें, आणि ल चा ळ करतांच अर्थ लागला, तर तिच्या मागें रोमन आदर्श होता असें समजावें. रोमन पोथींत तसें स्थळ सांपडून घ चा ध केल्यानें अर्थ लागला, तर तिच्या मागें देवनागरी. एकदोन स्थळांवर विसंबूं नये. कोंकणच्या लेखकाच्या उच्चारांतच न-ण ची गल्लत असूं शकते. पण महाप्राण, मूर्धन्य आणि स्वरांची लांबी या तिन्ही जातींच्या चुका एकाच पोथींत वारंवार दिसल्या तर शंका उरत नाहीं. दोन्ही आवृत्त्या समोर ठेवून पहिल्या दहा अवस्वरूंपुरतें जरी हें काम कोणीं केलें तरी आजवरच्या वादापेक्षां अधिक हातीं लागेल.

संग्राहकांकरितां आणखी कांहीं. पोथीच्या आरंभीं इन्क्विझिशन, आर्चबिशप व संघाचे वरिष्ठ यांचीं अनुमतिपत्रें असतील तर तीं ट्रेंटच्या त्या कलमाचीं प्रत्यक्ष खूण होत. पण त्यांवरील साल हें पोथीचें साल नव्हे. नक्कल करणारे छापील पुस्तकांतील अनुमतिपत्रें अक्षरशः उतरून घेत. अशा रीतीनें १६५४ चें अनुमतिपत्र शंभर वर्षांनंतरच्या कागदावर येतें. कागदाचा जलचिन्हयुक्त बंद उजेडांत धरावा व शाई पाहावी, मगच कालनिर्णय करावा. अनुमतिपत्रें नसणें हेंहि चोरट्या नकलेचें लक्षण नव्हे. पहिलीं पानें सर्वांत आधीं झिजतात. शिवणीजवळ कापलेल्या पानांचीं बुडखें शिल्लक आहेत काय तें बोटानें चांचपून पाहावें.

पोथीचें अक्षर ओळखण्यास परिषदेनेंच एक साधन करून ठेविलें आहे, आणि तें आपल्याकडे फारसें वापरलेलें नाहीं. चोविसाव्या बैठकींतील विवाहाच्या ठरावानें प्रत्येक पाद्रीस वधूवरांचीं व साक्षीदारांचीं नांवें, दिवस व स्थळ लिहून ठेवण्याची वही सक्तीची केली. बाप्तिस्म्यांतील धर्ममातापितरांचीं नांवेंहि वहींत लिहावयाचीं होतीं. या वह्या तारीखवार असतात. बिनतारखेची पोथी ज्या गांवीं सांपडली त्या गांवच्या वह्यांशीं तिचें अक्षर व अनुस्वाराची लेखनपद्धति ताडली तर दहावीस वर्षांच्या मर्यादेंत काळ सांगतां येतो. मात्र विवाहाचा हा ठराव ज्या ज्या ठिकाणीं जाहीर झाला तेथें तेथेंच, व जाहीर झाल्यापासून तीस दिवसांनीं, बंधनकारक होत असे. म्हणून सर्व कोंकणांत अशा वह्या मिळतील अशी अपेक्षा ठेवूं नये.

आम्ही पनवेलींतून लिहितों, तेव्हां हा भेद आम्हांस दारांतच दिसतो. खाडीच्या पलीकडे कारंजा-उरण, उत्तरेस वसई-साष्टी, दक्षिणेस चौल-रेवदंडा हा मुलूख फिरंग्यांचा. तेथें ट्रेंटचा कायदा चालला. पनवेलीवरील कर्नाळा किल्ला १५४० त कांहीं काळ त्यांच्या हातीं गेला होता, पण तो निजामशाहीस परत मिळाला, आणि परिषद भरण्यापूर्वींच या आंतल्या बाजूचा प्रश्न मिटला. तेव्हां पनवेलीच्या वाड्यांत क्रिस्तपुराण शोधीत बसण्यांत अर्थ नाहीं. उरण, कोर्लई, वसई येथील ख्रिस्ती घरें पाहावींत. तेथेंहि रोमन अक्षरांतील एखादें ख्रिस्ती पुराण हातीं आलें कीं तें स्टीफन्स यांचें असें लगेच म्हणूं नये. उत्तर कोंकणांत अधिक प्रचार होता तो फ्रान्सिश्कु वाझ द गिमाराइंश या पाद्रीच्या १६५९ च्या पुराणाचा. मुंबईस १८४५ त तें पुन्हां छापिलेंहि गेलें. त्याचा मुख्य विषय ख्रिस्ताचें दुःखसहन व मरण हा आहे, आणि भाषा उत्तर कोंकणच्या बोलीस जवळची आहे. पैलें व दुसरें अशी विभागणी आहे काय, आरंभ सृष्टीपासून आहे काय, अवस्वरू किती, एवढें पाहिलें तरी दोहोंतला फरक कळतो. ओळख पटविण्यापूर्वीं पोथीचीं सुटीं पानें क्रमानें लावूं नयेत. जशीं सांपडलीं तशींच त्यांवर पेन्सिलीनें बारीक आंकडे घालावे, कारण पुष्कळदां मागील पानाचा डाग पुढील पानावर उमटलेला असतो व खरा क्रम तोच सांगतो.